शेकडा सूट आणि नफ्याची शाब्दिक उदाहरणं कशी तयार करावीत?

बाजारातल्या व्यवहारांवरून पाचवीच्या मुलांसाठी शेकडा सूट आणि शेकडा नफ्याची उदाहरणं कशी बनवायची? आकडे नेहमी विचित्र येतात.

उत्तराकडून मागे या. आधी खरेदी किंमत ठरवा, मग नफा, आणि छापील किंमत सगळ्यात शेवटी. मी वर्गात छत्रीचं उदाहरण देते: दुकानदाराने छत्री 200 रुपयांना आणली, तिच्यावर 300 रुपये किंमत लिहिली आणि पावसाळ्यात 20 टक्के सूट देऊन विकली. त्याला शेकडा नफा किती झाला?

सूट छापील किमतीवर, म्हणजे 60 रुपये. छत्री 240 ला गेली. नफा 40 रुपये, आणि शेकडा नफा नेहमी खरेदी किमतीवर काढतात, म्हणून तोही 20 टक्केच. टक्के दोन्हीकडे सारखे, रुपये मात्र एकीकडे 60 आणि दुसरीकडे 40! इथे मुलं थबकतात, आणि ‘कशाचे शेकडा’ हा प्रश्न त्यांच्याच तोंडून येतो. मला तेच हवं असतं.

आकडे निवडताना चुकीची उत्तरंही स्वतः काढून बघा. नफा विक्री किमतीवर काढला तर 16.67 येतं, छापील किमतीवर काढला तर 13.33. वही बघताच चूक कुठे झाली ते कळतं.

भाजीचं उदाहरण हवं असेल तर त्यात नासका माल जरूर घाला. 450 रुपयांना 20 किलो टोमॅटो, 2 किलो खराब, उरलेले 30 रुपये किलोने विकले. 540 आले, नफा 90 रुपये, म्हणजे 20 टक्के.