लोणच्याच्या बरणीची किंमत ठरवताना

घरी केलेले कैरीचे लोणचे बरणीमागे कितीला विकावे, असे तुम्ही विचारलेत. त्यासाठी तुम्ही कैरी, तेल आणि मसाल्याचा खर्च मांडून त्यावर थोडा नफा धरलात, परंतु विक्रीयोग्य बरण्या किती उरतात हे पाहिलेले दिसत नाही. माझ्या एका घाण्यात सामानाला आणि गॅसला मिळून 1,100 रुपये लागले आणि पाव किलोच्या 20 बरण्या भरल्या. त्यांपैकी एक चव देण्यासाठी फोडली आणि एकीच्या झाकणातून तेल झिरपले, म्हणून सामानाचा खर्च 18 बरण्यांवर वाटला, तेव्हा तो बरणीमागे सुमारे 61 रुपये झाला.

वेळ मोजताना केवळ फोडी करण्याचा काळ धरू नका. बाजारहाट, कैऱ्या धुऊन कोरड्या पुसणे, मसाला भाजणे, बरण्यांचे काठ पुसून लेबल लावणे (हेच सर्वांत कंटाळवाणे काम) असे माझे 9 तास गेले. तासाला 80 रुपये धरल्यास बरणीमागे 40 रुपये होतात. बरणी, लेबल आणि खोके यांचे 22 रुपये मिळवल्यावर मूळ खर्च 123 रुपये येतो.

दुकानदार विक्री किमतीवर 25 टक्के घेत असेल, तर 123 मध्ये 25 टक्के मिळवून 154 रुपये लावणे चुकीचे ठरते, कारण त्यातून कमिशन गेल्यावर हाती सुमारे 115 रुपयेच येतात. 123 ला 0.75 ने भागावे. 164 रुपये ही ना नफा ना तोटा अशी किंमत होते आणि नफा त्यापुढे सुरू होतो.