वीरभद्रासनात मांडी थरथरते, गुडघा दुखतो: साठीनंतर हे आसन कसं आणि किती वेळ करावं?

प्रश्न: वय ६६. तीन महिन्यांपासून योगवर्गाला जातो. वीरभद्रासन दोनमध्ये, म्हणजे पाय लांब टाकून पुढचा गुडघा वाकवतात आणि हात बाजूला पसरतात त्या आसनात, पुढची मांडी लगेच थरथरते आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघा दुखतो. या आसनात नेमके कोणते स्नायू काम करतात? किती वेळ धरायचं, रोज करायचं का? बीपीची गोळी चालू आहे.

नमस्कार काका,

मी योगशिक्षिका आहे. माझ्या सकाळच्या वर्गात निम्म्याहून जास्त जण साठीच्या पुढचे आहेत. मांडी थरथरणं आणि गुडघा दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची चिंता करू नका, दुसरीकडे मात्र लक्ष द्यायला हवं.

मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायूंचा मोठा गट असतो, क्वाड्रिसेप्स. तो गुडघ्याच्या वाटीवरून खाली येऊन नडगीच्या हाडाला जोडलेला असतो. तुम्ही पुढचा गुडघा वाकवत खाली जाता तेव्हा हा गट लांबत लांबत तुमचं वजन सावकाश खाली सोडतो. थांबलात की त्याच लांबीवर तो वजन धरून ठेवतो. दमल्यावर त्याचे तंतू आलटून पालटून कामाला लागतात, त्यांचा मेळ राहत नाही आणि मांडी थरथरते. पाय सरळ केल्यावर थरथर थांबत असेल तर काही बिघडलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मांडीच्या मधल्या भागात जो ठणका लागतो तोही बहुधा खाली जातानाच्या कामाचा असतो आणि दोन-तीन दिवसांत जातो.

गुडघ्याचं तसं नाही. गुडघा जितका जास्त वाकेल तितकी वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. या आसनाच्या चित्रांत गुडघ्याचा दिसतो तसा काटकोन तरुण, सरावलेल्या माणसाचा असतो. तुम्हाला त्याच्या निम्मं वाकणं सध्या पुरेसं आहे. त्यासाठी पायांतलं अंतरही कमी ठेवा, कारण पाय फार लांब टाकले की तोल धरण्यातच सगळी शक्ती जाते.

आता ज्या स्नायूकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही, तो सांगते. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, पँटच्या खिशाच्या मागे, नितंबाचा मधला स्नायू असतो. तो आणि त्याच्या आतले छोटे स्नायू मिळून पुढची मांडी बाहेरच्या दिशेला धरून ठेवतात. बसून काम केलेल्या माणसांत ते बऱ्याचदा ढिले पडलेले असतात. मग गुडघा आत, अंगठ्याच्या बाजूला कलतो, वाटी आपल्या खोबणीतून तिरकी सरकते आणि जिना उतरताना दुखते. हे तुम्हाला घरी पाहता येईल. आरशासमोर उभे राहा, गुडघा वाकवा आणि वरून बघा. पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट दोन्ही दिसली पाहिजेत. अंगठा गुडघ्याआड गेला किंवा तळपायाची आतली कमान चपटी झाली, तर खुब्याचे स्नायू काम करत नाहीत असं समजा.

मागचा पायही नुसता टेकवायचा नसतो. तिथे मांडीचा पुढचा भाग गुडघा सरळ ठेवतो, आतल्या बाजूचे स्नायू पाय घसरू देत नाहीत आणि तळपायाची बाहेरची कड जमिनीला चिकटून राहते. ही कड सुटली की धड पुढे झुकतं आणि सगळा भार पुढच्या गुडघ्यावर येतो. म्हणून मी आधी मागचा पाय भिंतीला लावून उभं करते. तळपायाची बाहेरची कड भिंतीवर दाबायची आणि मगच पुढचा गुडघा वाकवायचा. हातांना खांद्याचे स्नायू धरतात. ते लवकर दमतात, पण हे आसन त्यांच्यावर अवलंबून नाही. सुरुवातीला हात कमरेवर ठेवलेत तरी आसन तेच राहतं.

माझ्याकडे सत्तरीला आलेल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांची तक्रार अगदी तुमच्यासारखी होती. त्यांचा पुढचा गुडघा आत कलायचा आणि मागच्या पायाची कड उचलली जायची. पहिले दोन आठवडे आम्ही हे आसन खुर्चीवरच केलं. मजबूत, न हलणारी खुर्ची मॅटवर ठेवायची, पुढची मांडी बैठकीवर आडवी टेकवून बसायचं आणि मागचा पाय बाजूला सरळ लांब करायचा. वजन खुर्चीवर असतं, त्यामुळे मांडी दमत नाही आणि गुडघा कुठे जातोय ते नीट बघता येतं. मी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला तळहात ठेवायचे आणि त्या माझ्या हाताला हलकेच ढकलायच्या. ढकलताना खुब्याची बाजू घट्ट झाल्याचं त्यांना बोटांनी जाणवलं, तेव्हा कुठे स्नायू सापडला. मग त्या ओट्याला बोटं टेकवून, गुडघा थोडाच वाकवून उभ्या राहू लागल्या. तिसऱ्या महिन्यात आधाराशिवाय पाच श्वास थांबू लागल्या. त्या आजही काटकोनापर्यंत जात नाहीत आणि मी त्यांना जाऊ देत नाही.

तुम्ही हे आसन आठवड्यातून तीन वेळा करा, मध्ये एक दिवस सोडून. मधल्या दिवशी चाला, पाय आडवे टाकून ताणा. या वयात स्नायूंना सावरायला वेळ लागतो आणि स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा स्नायूंपेक्षाही हळू बळकट होतात. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढल्यासारखी वाटते ती मुख्यतः नसांनी स्नायूंना हुकूम द्यायला शिकल्यामुळे. तिला भुलून खोल जाणं हीच नेहमीची चूक. प्रत्येक बाजूला दोनदा, तीन शांत श्वास इतकं धरा, मध्ये मिनिटभर उभे राहा. पुढे वाढवायचं झालं तर एका वेळी एकच गोष्ट वाढवा: श्वास, वाकणं किंवा आधार कमी करणं. निदान दोन आठवडे ती पचवा.

किती झालं हे ठरवायला दुसऱ्या दिवशीची सकाळ वापरा. जिना उतरताना गुडघा रोजच्याइतकाच दुखत असेल तर तेच चालू ठेवा. जास्त दुखला तर पुढच्या वेळी वाकणं निम्मं करा आणि खुर्ची परत घ्या.

बीपीबद्दल: एकाच स्थितीत स्नायू ताणून धरले की रक्तदाब वाढतो आणि श्वास रोखला की आणखी वाढतो. म्हणून जितका वेळ नाकाने सहज श्वास येतो तितकाच वेळ थांबा. श्वास अडकला, दात आवळले गेले, की बाहेर या. हात डोक्यावर नेणारं वीरभद्रासन एक तूर्त करू नका. बाहेर येताना मागच्या पायावर वजन घेत गुडघा सरळ करा, पाय एकेक पाऊल जवळ आणा, उडी मारू नका. चक्कर आली किंवा छातीत दाब वाटला तर त्या दिवशी थांबा आणि डॉक्टरांना सांगा. गुडघा सुजला, अडकला किंवा उभं राहताना अचानक निसटल्यासारखा वाटला तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उभी आसनं करू नका.

वर्गात इतर जण जास्त वेळ थांबत असतील तर तुमच्या शिक्षकांना आधीच सांगून ठेवा की तुम्ही तीन श्वासांनंतर बाहेर येणार आहात, आणि खुर्ची मॅटशेजारीच ठेवा. पुढच्या वर्गात त्यांना फक्त तुमचा पुढचा गुडघा समोरून बघायला सांगा. तो आत कलतोय की नाही हे त्यांना लगेच कळेल.