नफा १२ लाख आणि बँकेत २ लाख: मधले पैसे गेले कुठे?

प्रश्न: ऑफिस फर्निचर घाऊक पुरवण्याचा माझा धंदा आहे. अकाउंटंटने या वर्षाचा नफा १२ लाख काढून दिला. वर्षाच्या सुरुवातीला बँकेत १५ लाख होते, आज २ लाख आहेत. चोरी नाही, उधळपट्टी नाही. मग नफा खरा धरू की बँक?

उत्तर:

अकाउंटंटने चूक केली असेलच असं नाही. त्याने नफा ॲक्रुअल पद्धतीने, म्हणजे पैसे कधी आले-गेले ते न बघता विक्री-खर्च ज्या दिवसाचे त्या दिवशी लिहून काढलाय आणि तुम्ही तो रोजमेळासारखा वाचताय. मी बरीच वर्षं लोकांची खाती लिहितोय, आणि ताळेबंद हातात दिला की दर दुसरा माणूस हाच प्रश्न विचारतो. विचारायलाच हवा.

आधी एकाच ऑर्डरकडे बघू. पहिल्या महिन्यात तुम्ही २ लाख ८० हजारांची टेबलं उधारीवर घेतली. दुसऱ्या महिन्यात पुरवठादाराचे पैसे चुकते केले. तिसऱ्या महिन्यात ती टेबलं ग्राहकाकडे पोचवली आणि ४ लाखांचं बिल फाडलं. ग्राहकाने पैसे दिले पाचव्या महिन्यात.

रोख पद्धतीत फक्त पैशाची हालचाल लिहितात. त्या हिशेबात दुसऱ्या महिन्यात २ लाख ८० हजारांचा तोटा, तिसऱ्यात काहीच नाही आणि पाचव्यात ४ लाखांचा नफा दिसेल. ॲक्रुअलमध्ये माल ग्राहकाच्या ताब्यात गेला त्या दिवशी विक्री झाली असं धरतात, आणि त्याच मालाची खरेदी किंमत त्याच दिवशी त्या विक्रीसमोर मांडतात. म्हणजे तिसऱ्या महिन्यात १ लाख २० हजार नफा, बाकीच्या महिन्यांत शून्य. पाच महिन्यांची बेरीज दोन्हीकडे सारखीच येते. फरक आहे तो कधी लिहायचं याचा. पण तुमचं हिशेबाचं वर्ष चौथ्या महिन्यात संपलं तर? नफा या वर्षात बसला, पैसे पुढच्या वर्षात येणार आणि पुरवठादाराला मात्र तुम्ही देऊन मोकळे झालात.

अशा शेकडो ऑर्डरी एकात एक गुंतल्या की तुमचं वर्ष तयार होतं. तुमचा ताळेबंद मी पाहिलेला नाही, म्हणून तुमच्या १२ आणि २ लाखांशी जुळतील असे आकडे धरतो. तुम्ही तिथे तुमचे घाला.

समजा वर्षाची विक्री १०० लाख. विकलेल्या मालाची किंमत ७०, पगार-भाडं वगैरे १५, गाडीचा घसारा २, कर्जावरचं व्याज १. उरले १२. हा कर भरण्याआधीचा नफा. आता यातला प्रत्येक आकडा बँकेशी ताडून बघायचा.

विक्री १०० लाखांची झाली, पण ग्राहकांकडची येणी वर्षाच्या सुरुवातीला ८ लाख होती, ती शेवटी २४ लाख झाली. येणी १६ लाखांनी वाढली म्हणजे हातात आले फक्त ८४. विकलेला माल ७० लाखांचा खरा, पण गोदामातला साठा ६ वरून १५ लाखांवर गेला, म्हणजे खरेदी ७९ लाखांची झाली. जो माल विकलाच नाही त्याची किंमत नफ्यातून वजा होत नाही, ती ताळेबंदात साठा म्हणून बसून राहते. त्यामुळे गोदाम भरताना नफा हलत नाही, पण खातं रिकामं होतं. एक गोष्ट तुमच्या बाजूने घडली: पुरवठादारांची देणी ५ वरून ११ लाख झाली. वाढलेल्या ६ लाखांसाठी ते थांबायला तयार झाले, म्हणून ७९ ऐवजी ७३ च द्यावे लागले. पगार-भाड्याचे १५ आणि व्याजाचा १ रोखीतच गेला. घसाऱ्याचे २ लाख मात्र कुणालाच दिलेले नाहीत. ती फक्त नोंद आहे.

तेव्हा ८४ मधून ७३, १५ आणि १ गेले, उरले उणे ५ लाख. हेच नफ्यापासून सुरू करून उलट मांडता येतं, आणि रोख प्रवाह पत्रक बहुतेक वेळा असंच लिहिलेलं असतं:

१२ (नफा) + २ (घसारा) − १६ (वाढलेली येणी) − ९ (वाढलेला साठा) + ६ (वाढलेली देणी) = −५

म्हणजे १२ लाख नफ्याच्या धंद्याने वर्षभरात खात्यात एक पैसा न घालता उलट ५ लाख काढून घेतले.

उरलेले ८ लाख अशा व्यवहारांचे आहेत जे नफा-तोटा पत्रकात येतच नाहीत, किंवा अगदी तुकड्यातुकड्याने येतात. वर्षाच्या सुरुवातीला १० लाखांची मालवाहू गाडी घेतली. पाच वर्षं चालेल असं धरून नफ्यातून दर वर्षी २ च वजा होतात, बँकेतून मात्र १० एकदम गेले. त्यासाठी ८ लाख कर्ज मिळालं, ते खात्यात आले पण ते उत्पन्न नव्हे. हप्त्यांतून २ लाख मुद्दल फिटली, तो खर्च नव्हे. (हप्ता पूर्ण खर्चात दिसेल असं समजणारे खूप भेटतात. खर्चात फक्त व्याज जातं.) आणि घरखर्चाला तुम्ही ४ लाख उचललेत, ती उचल, तोही खर्च नव्हे. उणे १० अधिक ८ उणे २ उणे ४, म्हणजे उणे ८. आधीचे उणे ५ मिळवा, उणे १३. पंधरातून तेरा गेले, राहिले २. हिशेब पैशापर्यंत जुळला.

आता यातला कुठला आकडा चिंतेचा? माझ्या मते येणी. मागच्या वर्षी विक्री ६० लाख होती आणि येणी ८ लाख असं धरा. ८ भागिले ६० गुणिले ३६५, म्हणजे ग्राहक सरासरी ४९ दिवसांनी पैसे देत होते. या वर्षी २४ भागिले १०० गुणिले ३६५, म्हणजे ८८ दिवस. धंदा वाढला म्हणून येणी वाढणारच, पण ४९ दिवसांचीच शिस्त राहिली असती तर १०० लाखांच्या विक्रीवर ती साधारण १३ लाख असती. तिथपर्यंतची वाढ धंद्याच्या वाढीची. वरचे जवळजवळ ११ लाख निव्वळ वसुली लांबल्याचे. ते वेळेवर आले असते तर आज खात्यात २ ऐवजी १३ लाख दिसले असते आणि तुम्ही हा प्रश्न विचारलाच नसता.

या गणिताचा एक खळगा आहे. तुमची बरीचशी विक्री वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांत झाली असेल तर ८८ हा आकडा फसवा ठरतो, कारण ती बिलं अजून मुदतीतच आहेत. म्हणून नुसत्या भागाकारावर विसंबू नका. येण्यांची यादी बिलाच्या तारखेप्रमाणे लावून घ्या: ३० दिवसांच्या आतली, ६० पर्यंतची, ९० पर्यंतची आणि त्यापुढची. हिशेबाचं जवळपास कुठलंही सॉफ्टवेअर ही यादी काढून देतं.

त्या शेवटच्या रकान्यात मोठी रक्कम निघाली तर प्रश्न पैसे उशिरा येण्याचा राहत नाही, नफाच खरा आहे का असा होतो. ॲक्रुअल पद्धत विक्री लिहिते ती पैसे येतील या भरवशावर. त्यातले ५ लाख येणारच नसतील तर ते बुडीत म्हणून खर्ची टाकावे लागतात आणि नफा १२ नव्हे, ७ लाख होतो. गोदामात दोन वर्षं पडून असलेल्या, कुणी विचारत नाही अशा मॉडेलचंही तेच. कागदावर तो खरेदी किमतीला उभा असतो, विकायला काढला तर निम्मेही येत नाहीत.

हे फक्त छोट्यांच्याच बाबतीत घडतं असं नाही. अमेरिकेतल्या डब्ल्यू. टी. ग्रँट या हजाराहून जास्त दुकानांच्या साखळीने १९७५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्याआधी वर्षानुवर्षं ती नफा दाखवत होती, पण माल ग्राहकांना उधारीवर विकला जात होता आणि चालू धंद्यातून हातात रोकड जवळपास येत नव्हती, खड्डा कर्जाने भरला जात होता. तिथे त्या काळी रोख प्रवाह पत्रक देणं सक्तीचं नव्हतं, ते १९८७ च्या मानकापासून झालं. ज्याला शोधायचं होतं त्याला ताळेबंदातल्या दोन वर्षांच्या येण्यांची आणि साठ्याची वजाबाकी स्वतःच करावी लागे, जशी आपण वर केली.

मग रोख पद्धतच का वापरू नये, असं वाटेल. ज्याची उधारी नाही, साठा नाही, त्याला ती पुरते, आणि बऱ्याच देशांत लहान धंद्यांना ती चालतेही. करातही फरक पडतो: ॲक्रुअलमध्ये न आलेल्या पैशावरही कर लागू शकतो, तेव्हा तुमच्याकडे काय चालतं ते अकाउंटंटला विचाराच. पण घाऊक धंद्यात रोख पद्धत उलट दिशेने फसवते. वर्ष संपायच्या आत एका ग्राहकाने पुढच्या वर्षीच्या ऑर्डरचे १० लाख आगाऊ दिले, तर रोख हिशेबात ते या वर्षीचं उत्पन्न दिसतं. प्रत्यक्षात ती देणी आहे, माल द्यायचा बाकी आहे. शिवाय पुरवठादारांची बिलं आठवडाभर अडवून धरली की वर्ष छान दिसतं. असं करणारा एक जण मला माहीत आहे, पुढच्या महिन्यात त्याचा पुरवठादार माल द्यायचा थांबला.

तुम्ही आज एवढं करा: गेल्या वर्षाचा आणि या वर्षाचा ताळेबंद शेजारी ठेवा आणि येणी, साठा, देणी, कर्ज, गाड्या-यंत्रं आणि तुमचं भांडवल खातं या सहा ओळींतला फरक काढा. येणी, साठा, गाड्या-यंत्रं वाढली तर तो फरक वजा, देणी, कर्ज, भांडवल वाढलं तर अधिक. गाड्या-यंत्रं घसारा वजा जाता उरलेल्या किमतीला असतील तर घसारा पुन्हा मिळवू नका, मूळ किमतीला असतील तरच मिळवा. बेरीज उणे १३ आली नाही तर मात्र अकाउंटंटला फोन करा, कारण मग एखादी नोंद राहिलीय किंवा चुकीच्या खात्यात पडलीय.