घुबडाचं १ युरोचं नाणं कोणत्या देशाचं?

प्रश्न: माझ्याकडच्या १ युरोच्या नाण्यावर घुबड आहे, देशाचं नाव नाही. नाणं कुठलं?

ग्रीसचं. अथेन्सच्या प्राचीन चार द्राख्म्यांच्या नाण्यावरचंच हे घुबड आहे आणि शेजारी ग्रीक लिपीत मूल्य लिहिलेलं असतं. आकड्याची बाजू सगळ्या देशांची सारखी, म्हणून नेहमी उलट बाजू बघा: हार्प आयर्लंडची, १ युरोवर गरुड जर्मनीचा. मात्र बारीक अक्षरावरून देश ठरवू नका. २००२ च्या काही घुबडांच्या नाण्यांवर एका ताऱ्यात ‘एस’ दिसतो. तो सुओमीचा, म्हणजे फिनलंडचा. नाणी तिथे पाडली, पण ती ग्रीसचीच. २ युरोची स्मारक नाणी मात्र वेगळी असतात, त्यांवर नेहमीचं चित्र शोधू नका.