मधली अकरा प्रकरणं रेंगाळतायत, पण दुरुस्ती अठराव्यापासून

प्रश्न: माझ्या पहिल्या कादंबरीचा २४ प्रकरणांचा आराखडा सोबत दिला आहे. आई गेल्यावर नायिकेला वडिलांचं एक जुनं पत्र सापडतं आणि वीस वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या वडिलांना ती शोधू लागते. वाचणारे म्हणतात, मधला भाग रेंगाळतो, योगायोग फार आहेत आणि अठराव्या प्रकरणातली कलाटणी फुसकी वाटते. आधी काय दुरुस्त करू?

उत्तर:

आधी अठरावं प्रकरण. तुमचा आराखडा मी दोनदा वाचला, आणि माझ्या मते या तीन तक्रारी मुळात एकाच दुखण्याच्या आहेत.

अठराव्यात एका अनोळखी माणसाचा फोन येतो. वडील जिवंत आहेत, त्यांचा दुसरा संसार आहे, असं सांगून तो पत्ता देतो. नायिका रात्रभर रडते आणि सकाळी निघते. आता हाच पत्ता तिला सातव्या प्रकरणात मिळाला असता तर ती वेगळं काही वागली असती का? नसती. तेव्हाही ती रडून निघालीच असती. याचा अर्थ मधल्या अकरा प्रकरणांनी तिच्यात काहीच बदललेलं नाही, ती फक्त फोन येईपर्यंतचा वेळ काढतायत. वाचकाला कारण सांगता येत नाही, पण आपल्याला ताटकळत ठेवलंय हे त्याला बरोबर जाणवतं. नवी बातमी कळली म्हणून कथा वळत नाही. पात्राला काहीतरी ठरवावं लागतं, ठरवताना काहीतरी गमवावं लागतं आणि मग मागे फिरता येत नाही, तेव्हा ती वळते.

मधल्या भागाची तपासणी सोपी आहे, हस्तलिखितं वाचताना मी ती नेहमी करतो. एकेका कार्डावर एकेक प्रकरण एका वाक्यात लिहायचं आणि दोन कार्डांच्या मध्ये जोडशब्द घालून पाहायचा. ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसला तर सांधा पक्का. नुसता ‘त्यानंतर’ बसत असेल तर तिथे कथा पुढे सरकत नाही, फक्त दिवस सरकतात. तुमच्या सात ते सतरा या प्रकरणांत दहा सांधे आहेत आणि त्यांतल्या दोनच ठिकाणी मला ‘म्हणून’ घालता आला. मग मी नववं आणि तेरावं प्रकरण आपसांत बदलून पाहिलं. गावं बदलली, भेटणारी माणसं बदलली, कथेला धक्का लागला नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात कथानकाचे पाच संधी, म्हणजे टप्पे, सांगितले आहेत. त्यांतला मधला गर्भसंधी. तिथे कथेच्या बीजाची प्राप्ती होते, ते हातचं जातं आणि पुन्हा त्याचा शोध सुरू होतो. तुमच्या मध्यात शोध भरपूर आहे, पण गवसणं नाही, त्यामुळे हरवणंही नाही.

आता योगायोग. मी पाच मोजले: पहिल्या प्रकरणात पत्र सापडतं, आठव्यात गाडीत समोरच्या बाकावर वडिलांचे जुने सहकारी भेटतात, अकराव्यात जुन्या पुस्तकातून फोटो पडतो, चौदाव्यात दवाखान्यात कुणीतरी वडिलांचं नाव घेतं आणि अठराव्यात फोन येतो. पहिला राहू द्या. ज्या योगायोगाने कथा सुरू होते, त्याबद्दल वाचक लेखकाला जाब विचारत नाही. पात्राला अडचणीत टाकणारा योगायोगही तो खपवून घेतो. खटकतात ते सोडवायला धावून येणारे, आणि तुमचे उरलेले चारही तसेच आहेत. ते नेमके कुठे येतात ते पाहा. नायिका अडली की तिथे एक. तिला विरोध करणारं कुणीच नसल्यामुळे तिला स्वतः काही करावं लागत नाही, आणि ती काही करत नाही म्हणून प्रत्येक वेळी तुम्हाला हात द्यावा लागतो.

विरोध करणारं माणूस मात्र तुमच्या आराखड्यात आधीच आहे. दुसऱ्या प्रकरणात मोठा भाऊ ‘झालं गेलं विसर’ म्हणतो आणि थेट एकविसाव्यात पुन्हा दिसतो. वडील गेले तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता आणि पुढे त्यानेच बहिणीला वाढवलं, असं तुम्ही टिपेत लिहिलंय. एवढं मोठं पात्र हाताशी असताना ते अठरा प्रकरणं बाहेर बसवलंय, याची मला खरंच हळहळ वाटली.

समजा, वडील पहिली तीन वर्षं घरी पत्रं पाठवत होते आणि हा मुलगा ‘येथे राहत नाहीत’ असं लिहून ती परत पाठवत होता. आईला ठाऊकच नव्हतं. आता आठव्या प्रकरणात सहकारी आपणहून समोर येऊन बसत नाहीत. पत्राच्या कागदावर छापलेल्या कचेरीच्या नावावरून नायिका त्यांना हुडकून काढते, आणि त्यासाठी भावाशी खोटं बोलते. वडील गेल्यावरही तीन वर्षं घरी पत्रं लिहीत होते, हे तिला तिथे कळतं. हे गवसणं. पण मग पत्रं आईनेच परत केली असणार, असं तिला वाटतं आणि नुकतीच गेलेली आई तिच्या मनातून उतरते. हे हरवणं. बाराव्यात, सहकाऱ्यांनी जपून ठेवलेल्या एका परत आलेल्या पाकिटावरचं अक्षर ती भावाच्या शाळेच्या वहीशी ताडून पाहते. इथून प्रश्नच बदलतो. ‘वडील कुठे आहेत’ मागे पडतं आणि ‘ज्याने मला वाढवलं त्याने हे का केलं’ पुढे येतं. फोटो आणि दवाखाना दोन्ही काढता येतील, त्यांची गरज उरत नाही. तेरा ते सतरामध्ये भाऊ एकेक दार बंद करत जातो आणि तिची प्रत्येक चाल त्याच्या चालीला उत्तर असते. ‘म्हणून’ आणि ‘पण’ तिथे आपोआप बसतील.

मग अठरावं. फोन नको. हरलेला भाऊ स्वतः पत्ता तिच्या हातात ठेवतो. वडील पहिला प्रश्न विचारणार तो पत्रं का परत आली हाच, हे दोघांनाही माहीत आहे. खरं सांगितलं तर भाऊ बापाला कायमचा मुकेल. गप्प राहिली तर दोष आईवर जाईल, आणि बोलायला ती आता नाही. काय सांगायचं हे ठरवूनच तिने उंबरठा ओलांडायचा. हा निर्णय सातव्या प्रकरणातल्या मुलीला घेताच आला नसता, कारण यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं.

एक धोका आहे. बाराव्यातला उलगडा ऐनवेळी काढलेला वाटू नये, म्हणून त्याची पेरणी दुसऱ्या प्रकरणात हवी, आणि तीही वाक्याने नको, कृतीने. बहीण पत्र वाचत असताना भाऊ पत्राकडे पाहत नाही, पाकीट उचलून त्याच्या पाठीवरचं अक्षर बघतो. पहिल्या वाचनात हे कुणाच्या लक्षात येणार नाही, दुसऱ्यात टोचेल. पण अशी जागा एकच ठेवा. तीन ठेवल्यात तर वाचक पाचव्या प्रकरणातच भावाला पकडेल.

नवा आराखडा झाला की तो सतराव्या प्रकरणापर्यंतच चार-पाच जणांना वाचायला द्या आणि विचारा, पुढे ती काय करेल? सगळ्यांनी एकच उत्तर दिलं तर निवडीचं एक पारडं हलकं राहिलंय. बहुतेक ते भावाचंच असेल, कारण पत्रं परत करणाऱ्याचा वाचकाला राग येणारच. तसं झालं तर अठराव्याला हात लावू नका. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात जा आणि त्या पंधरा वर्षांच्या मुलाने वडील गेल्यानंतरच्या पहिल्याच रात्री आईला कसं सावरलं, ते दाखवा.