आधी टिपून घे, मग पावडर

अगं, दुपारपर्यंत नाकाजवळ मेकअपच्या गुठळ्या होतात म्हणतेस ना, ते बहुतेक चकाकणाऱ्या चेहऱ्यावर थेट कॉम्पॅक्ट फिरवल्यामुळे होतंय. पावडर तेल आणि घाम पिते नि तिथेच घट्ट होऊन बसते. मुंबईच्या दमट हवेत तर घाम वाळतच नाही, त्यामुळे आधी ब्लॉटिंग पेपर नाकावर, कपाळावर पाच सेकंद नुसता दाबून धर, घासायचं नाही, घासलंस की खालचं फाउंडेशन पण निघतं. पेपर नसेल तर टिशूचा एक पदर सोडवून घे, तोही चालतो. मग अगदी चिमूटभर पावडर पफने दाबून, तीही फक्त टी-झोनवर, गालांवर कशाला!

सकाळी मॉइश्चरायझर, सनस्क्रीन पूर्ण मुरू दे, मग मटारएवढा मॅटिफायिंग प्रायमर नाक, कपाळ, हनुवटीवर, आणि दोनेक मिनिटं थांब. प्रायमर सिलिकॉनचा आणि फाउंडेशन पाण्याचं असेल तर कधीकधी बोटाखाली शेवयांसारखं सुटतं, आधी हनुवटीवर लावून बघ. आणि हो, पाच-सहा तासांनी थोडी चमक येणारच, प्रायमरने तेल सुटायचं थांबत नाही गं.