बचत गटातल्या चर्चेसाठी प्रश्नसूची करताना

दीड तासाच्या चर्चेला सहा-सात मुख्य प्रश्न पुरतात. कच्च्या यादीत बावीस प्रश्न असले आणि ते सगळे विचारायला गेलात, तर चर्चा राहील बाजूला आणि हजेरी घेतल्यासारखं होईल.

विषय अंतर्गत कर्जाचा आहे, तर "कर्जाचा फायदा झाला का?" हा प्रश्न काढून टाका. त्यावर सगळ्या जणी "हो, झाला" म्हणतील आणि विषय तिथेच संपेल. त्याऐवजी विचारा, "गटातून कर्ज घ्यायचं ठरतं तेव्हा घरात काय बोलणं होतं?" मग कोणी म्हणेल, "शेळीसाठी घेतलं." इथे खोदून विचारायचे प्रश्न आधीच लिहून ठेवा: शेळी घ्यायचं कोणी सुचवलं? पैसे हातात आल्यावर कोणाकडे गेले? हप्ता कशातून भरता? बऱ्याचदा कर्ज बाईच्या नावावर आणि वापर नवऱ्याचा, हे अशा प्रश्नांतूनच कळतं. "का?" मात्र जपून वापरा, तो जाब विचारल्यासारखा वाटतो. "ते कसं ठरलं?" बरं पडतं.

थकलेल्या हप्त्याबद्दल "तुमचा थकलाय का?" असं विचारू नका, शेजारणींसमोर कोण सांगणार? "एखादीचा हप्ता थकला तर गट काय करतो?" असं विचारा, आणि तेही तासाभरानंतर.

अध्यक्ष-सचिवांची चर्चा वेगळी घ्या. त्या बसल्या की बाकीच्या त्यांच्या तोंडाकडे बघून उत्तर देतात.